खोक्याचा फोटो काय सांगतो?

आमच्या मधुमेह ओपीडीत रुग्ण पूर्वी साखरेची वही घेऊन यायचे, आता मोबाइल घेऊन येतात. त्यात रोजच्या आकड्यांसोबत हल्ली आणखी एक फोटो असतो, शुगर तपासायच्या स्ट्रिपच्या खोक्याचा. "मॅडम, ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळाल्यात, वापरू का?" कुणी ऑक्सिमीटरचा फोटो दाखवतं. गावाकडे आईला पाठवायचा असतो आणि तो खरा आहे ना, एवढंच विचारायचं असतं. फोटो बघून हे सांगता येतं का? काही बाबतीत चांगलं सांगता येतं, काही बाबतीत अजिबात नाही. कुठे बघायचं हे माहीत असलं तर कुणालाही ते जमेल.

आधी 'बनावट' म्हणजे काय ते बघू, कारण फोटोत शोधायच्या खुणा त्यावर ठरतात. पहिला प्रकार म्हणजे पूर्ण नक्कल: आतली पट्टी दुसऱ्याच कुणाची आणि खोकं नामांकित कंपनीचं उचललेलं. दुसरा प्रकार म्हणजे माल खरा, पण मुदत संपलेला किंवा आधी कुणी विकत घेऊन परत विकलेला आणि त्यावरची तारीख बदललेली. तिसरा प्रकार तांत्रिकदृष्ट्या बनावट नाहीच. माल खरा असतो, पण दुसऱ्या देशासाठी बनलेला आणि इथे आडमार्गाने आलेला. त्याचा प्रवास कुठल्या गोदामातून, किती उन्हातून झाला हे कुणालाच माहीत नसतं. बहुतेक स्ट्रिपच्या डब्यांवर ३० अंशांच्या आसपासची कमाल तापमानाची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात विदर्भातल्या कुरिअरच्या गाडीत काय तापमान असेल, ते तुम्हीच ठरवा.

पट्टीवर रक्तातल्या ग्लुकोजशी क्रिया करणारं एक एन्झाइम असतं. त्या क्रियेतून अतिशय क्षीण वीजप्रवाह तयार होतो आणि मीटर तो मोजून आकडा दाखवतो. उष्णता आणि दमट हवा यांनी एन्झाइम मरतं. पण मीटरला ते कळेलच असं नाही. तो मिळेल तो प्रवाह मोजतो आणि तितक्याच ठामपणे आकडा दाखवतो. त्या आकड्यावर इन्शुलिनचा डोस ठरणार असेल, तर आकडा खोटा जास्त आल्यास रुग्ण रात्रीत बेशुद्ध होऊ शकतो आणि खोटा कमी आल्यास साखर आठवडेच्या आठवडे चढत राहते.

नकलेचं गाजलेलं उदाहरण २००६ सालचं आहे. त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'वन टच' या नावाच्या स्ट्रिपच्या नकला बाजारात असल्याचा इशारा दिला. माल औषधांच्या दुकानांपर्यंत पोहोचला होता. लोकांनी तो ओळखायचा कसा? प्रशासनाने स्पेलिंगच्या चुका किंवा फिका रंग शोधायला सांगितलं नाही. खोकी दिसायला चांगलीच होती. सांगितल्या त्या साध्या गोष्टी: ठरावीक लॉट नंबर, पन्नास पट्ट्यांचं खोकं आणि खोक्यावरच्या भाषा. एका प्रकारच्या नकली खोक्यावर इंग्रजी, ग्रीक आणि पोर्तुगीज मजकूर होता, दुसऱ्यावर इंग्रजी आणि फ्रेंच. अमेरिकेतल्या दुकानात ग्रीक मजकुराचं खोकं का असावं? नक्कल करणाऱ्याने हाती आलेलं खोकं जसंच्या तसं उचललेलं दिसत होतं, ते कुठल्या बाजारपेठेसाठीचं आहे याचा विचार न करता.

या प्रकरणातला लॉट नंबरचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. खऱ्या कारखान्यात लॉट बदलत राहतात. नक्कल करणारा मात्र एकदा छपाईची प्लेट बनवतो आणि तोच नंबर हजारो खोक्यांवर छापतो. त्यामुळे एकच लॉट वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे, वेगवेगळ्या महिन्यांत पुन्हा पुन्हा दिसणं ही खूण आहे. स्पेलिंग, रंग किंवा चकाकी यांच्या मागे लागू नका. नकली खोकं बहुतेकदा सुंदर असतं. ते फसतं ते त्याच्यावरच्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही तिथे.

हा मेळ तपासायचा तर खोकं छापतात कसं ते थोडं समजून घ्यावं लागेल. कंपनीचं नाव, चित्र, सूचना हा कायमचा मजकूर आधी मोठ्या प्रमाणात छापून ठेवलेला असतो. लॉट नंबर, उत्पादनाची तारीख आणि एक्स्पायरी या गोष्टी माल भरताना, पॅकिंगच्या ओळीवर, वेगळ्या यंत्राने उमटवतात. म्हणून खऱ्या खोक्यावर हे आकडे बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळे दिसतात. कधी ते बारीक ठिपक्यांनी बनलेले असतात, कधी किंचित वरखाली सरकलेले असतात, कधी लेझरने कोरल्यासारखे असतात. एकाच कंपनीची दोन खोकी शेजारी ठेवली तर तारखेची जागा केसभर इकडेतिकडे असते. लोकांना नेमका याचाच संशय येतो, "तारीख वाकडी छापलीय, नकली असेल!" खरं तर तारीख थोडी वाकडी असणं साहजिक आहे. ती बाकीच्या मजकुराइतकीच गुळगुळीत, त्याच शाईत, त्याच रेषेत बसलेली असेल तेव्हा अधिक नीट बघावं, कारण तिथे अख्खं खोकं स्कॅन करून एकाच दमात छापलेलं असू शकतं. अर्थात हा नियम काळ्या दगडावरची रेघ नव्हे. काही कंपन्या डबीचं लेबल संपूर्ण डिजिटल यंत्रावर छापतात आणि तिथे सगळा मजकूर एकसारखाच दिसतो. म्हणून जुनं, खात्रीच्या दुकानातून घेतलेलं खोकं जपून ठेवावं आणि तुलना त्याच्याशी करावी.

तारीख बदललेला माल वेगळ्या पद्धतीने ओळखतात. जुनी तारीख द्रावकाने पुसलेली किंवा खरवडलेली असते. तिथे कागदाची चकाकी जाते आणि एक मंद पट्टा उरतो. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत तो कधीच दिसत नाही. फ्लॅश बंद करा, खोकं खिडकीपाशी न्या आणि उजेड एका बाजूने, जवळजवळ सपाट पडेल असं धरा. मग खरवडलेला भाग खडबडीत दिसतो. कधी पुसलेल्या जुन्या आकड्याची सावलीही दिसते. फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर तो साध्या फोटोसारखा न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर फोटो दाबून लहान होतो आणि बारीक छपाईचे ठिपके एकमेकांत मिसळून जातात. मग मला नेमकं बघायचं असतं तेच त्यात उरत नाही.

आता अनेक खोक्यांवर छोटा काळापांढरा चौकोनी कोड असतो, ठिपक्यांच्या जाळीसारखा. त्याला 'डेटा मॅट्रिक्स' म्हणतात. साध्या उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये बहुधा फक्त वस्तूची ओळख असते, पण या चौकोनात लॉट आणि एक्स्पायरीही भरलेली असू शकते. मोबाइलवरच्या कोड वाचणाऱ्या साध्या अॅपने तो वाचला तर आकड्यांची लांबलचक ओळ येते. सुरुवातीला शून्य-एक आणि त्यानंतर चौदा अंकी वस्तुक्रमांक असतो. पुढे बहुतेकदा १७ हा आकडा येतो आणि त्यानंतरचे सहा अंक म्हणजे एक्स्पायरी, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १० या आकड्यानंतर लॉट नंबर येतो. तारीख खोडणारे लोक डोळ्यांना दिसणारे अंक बदलतात, कोडकडे मात्र त्यांचं अनेकदा लक्ष जात नाही. चांगल्या फोटोवरूनही हा कोड वाचता येतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या बाबतीत हे सगळं एकदमच उपयोगी पडलं. बाई सहासष्ट वर्षांच्या, दिवसातून दोनदा इन्शुलिन घेणाऱ्या, वही अगदी शाळेच्या हजेरीपटासारखी नेटकी. वहीत दोन महिन्यांचे आकडे १३० ते १५० च्या मध्ये होते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी मात्र ९.६ टक्के आली. एवढी एचबीएवनसी म्हणजे सरासरी साखर २२९ च्या आसपास. हिमोग्लोबिन ठीक होतं, त्यामुळे त्या तपासणीवर शंका घ्यायला जागा नव्हती. मग ओपीडीतच एकाच वेळी दोन्हीकडे मोजलं. त्यांच्या मीटरवर १४२, प्रयोगशाळेत २३१. चांगल्या मीटरने १०० च्या वरच्या साखरेत शंभरातल्या पंचाण्णव वेळा प्रयोगशाळेच्या आकड्यापासून पंधरा टक्क्यांच्या आत राहावं, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणजे इथे फार तर पस्तीसचा फरक चालला असता, एकोणनव्वदचा नाही. मीटर बिघडला असेल म्हणून दुकानातून आणलेल्या नव्या डबीतली पट्टी त्याच मीटरला लावली, तर २२४ आले. म्हणजे मीटर ठीक होता, पट्ट्या खराब होत्या.

पट्ट्या मुलाने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवल्या होत्या, चार खोकी एकदम. मी त्याला फोन केला आणि खोक्याच्या सहाही बाजू, उघडायची झडप, डबीचं लेबल फिरवत फिरवत तीन भागांत, डबीचा तळ, आणि विक्रेत्याच्या जाहिरातीतला फोटो, असं सगळं पाठवायला सांगितलं.

जाहिरातीतल्या फोटोचा काही उपयोग नव्हता. तो कंपनीच्याच संकेतस्थळावरचा चकचकीत फोटो होता आणि त्यात लॉट नंबरची जागा कोरी होती. असे फोटो प्रामाणिक विक्रेतेही वापरतात, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. खोक्याच्या फोटोत उत्पादन सप्टेंबर २०२३ आणि एक्स्पायरी ऑगस्ट २०२७ दिसत होती. इथेच पहिली पाल चुकचुकली. अशा पट्ट्यांचं आयुष्य साधारण दीड ते दोन वर्षांचं असतं आणि इथे ते चार वर्षांचं झालं होतं. मग मुलाने खिडकीपाशी खोकं तिरकं धरून फोटो काढला. त्यात वर्षाच्या शेवटच्या अंकाभोवती कागद निस्तेज दिसत होता आणि तो '७' शेजारच्या अंकांपेक्षा जरा जाड होता. शेवटी चौकोनी कोड वाचला. १७ च्या पुढे २५०८३१. म्हणजे खरी मुदत ३१ ऑगस्ट २०२५ ला संपलेली होती. सप्टेंबर २०२३ पासून बरोबर दोन वर्षं, हिशेब जुळला.

डबीने आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्यावरचा लॉट खोक्यावरच्या लॉटशी जुळत नव्हता, आणि चार खोक्यांपैकी दोनमध्ये हीच तऱ्हा होती. म्हणजे कुणीतरी मुदत संपलेल्या डब्या आणि खोकी गोळा करून पुन्हा जोड्या लावल्या होत्या. अमेरिकेत लोकांकडे उरलेल्या पट्ट्या विकत घेऊन परत विकण्याचा उघड धंदा आहे. तिथल्या प्रशासनाने २०१९ मध्ये अशा पट्ट्या वापरू नका असा इशारा दिला होता, त्यात तारखा बदललेल्या किंवा झाकलेल्या असू शकतात हेही म्हटलं होतं. आपल्याकडे तो धंदा उघड दिसत नाही, एवढंच.

बाईंचा इन्शुलिनचा डोस आम्ही दुकानातल्या पट्ट्यांच्या आकड्यांवर नव्याने बसवला. वहीतल्या दोन महिन्यांच्या आकड्यांवर त्यांनी लाल पेनाने काट मारली.

खोकं हातात असेल तर आणखी दोन ठिकाणं बघावीत. आपल्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि उत्पादन परवाना क्रमांक हवा. आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात परवाना क्रमांक हवा. खोक्यावर ग्रीक, अरबी काहीही मजकूर असो, आयातदाराची भारतीय चिठ्ठी आणि रुपयांतली एमआरपी नसेल तर तो वर म्हटलेला आडमार्गाचा माल आहे असं समजा. शंका आल्यास कंपनीच्या हेल्पलाइनला लॉट नंबर सांगून विचारता येतं. पण तो फोन नंबर संशयित खोक्यावरून घेऊ नका, मीटरसोबत आलेल्या जुन्या माहितीपत्रकावरून घ्या.

ऑक्सिमीटरची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे एखाद्या नामांकित खोक्याची नक्कल कमी दिसते. बहुतेक माल नाव-गाव नसलेलाच असतो आणि त्यावर प्रमाणपत्रांची चिन्हं मात्र भरपूर चिकटवलेली असतात. २०२०-२१ मध्ये तो पोत्याने आला आणि अजूनही अनेक घरांच्या कपाटात आहे. फोटो काढायचा तो पुढच्या पडद्याचा नव्हे, मागच्या बाजूचा आणि बॅटरीच्या झाकणाच्या आतला. तिथे मॉडेल, अनुक्रमांक आणि उत्पादकाचं नाव असायला हवं. अनुक्रमांक प्रत्येक नगाचा वेगळा असतो. दोन नग मागवले आणि दोन्हींवर एकच क्रमांक असेल, किंवा त्या जागी नुसता लॉटसारखा आकडा सगळ्यांवर सारखा असेल, तर त्या लेबलवर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

युरोपच्या 'सीई' चिन्हाबद्दल बरेच गैरसमज आहेत. दोन अक्षरं जवळ असली की ते 'चायना एक्स्पोर्ट'चं चिन्ह, असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो. असं कुठलंही नोंदलेलं चिन्ह नाही. ते फक्त चुकीच्या मापात काढलेलं सीई असतं. खऱ्या चिन्हात दोन्ही अक्षरं वर्तुळाच्या कमानीवर बसवलेली असतात, त्यांच्यामध्ये मोकळी जागा असते आणि ई-ची मधली रेघ बाकीच्या दोन टोकांपेक्षा आखूड असते. त्याहून उपयोगी खूण म्हणजे चिन्हाशेजारचे चार अंक. ऑक्सिमीटर ज्या वर्गात येतो त्यात त्रयस्थ तपासणी संस्था लागते आणि तिचा चार अंकी क्रमांक चिन्हासोबत छापावा लागतो. नुसतं सीई आणि अंक नाहीत, तर ते चिन्ह दाव्याला पुरेसं नाही. चौकोनात माणसाची आकृती असलेलं चिन्ह विजेपासूनच्या संरक्षणाचा प्रकार सांगतं, अचूकतेबद्दल काहीच सांगत नाही.

'एफडीए अप्रूव्हड' हा शिक्का तर हास्यास्पदच असतो. अमेरिकेचं प्रशासन आपलं बोधचिन्ह खासगी मालावर वापरू देत नाही आणि तिथे नुसती नोंदणी असणं म्हणजे मंजुरी नव्हे. महाराष्ट्रात आणखी एक घोळ होतो. आपल्या अन्न व औषध प्रशासनालाही लोक एफडीएच म्हणतात, त्यामुळे तो शिक्का बघून सरकारने तपासलंय असं वाटतं. भारतीय परवाना क्रमांक आहे का ते बघा. मात्र तो नाही म्हणून करोनाकाळातलं उपकरण लगेच खोटं ठरत नाही. उपकरणांना परवाने टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाले आणि त्या वेळच्या बऱ्याच मालावर हा क्रमांक नव्हता.

इथे फोटोची मर्यादाही येते. पडद्यावर ९८ दिसणारा फोटो काहीच सिद्ध करत नाही. निरोगी माणसाचं प्रमाण ९५ ते १०० च्या मध्येच असतं, त्यामुळे निकामी यंत्राने नेहमी ९८ दाखवलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. यंत्राचा खरा कस ८५-९० च्या खालीवर लागतो आणि ते घरी तपासता येत नाही. श्वास रोखून तर मुळीच तपासू नये. पेन्सिल घालून बघण्याचा व्हिडिओही निर्णायक नाही, कारण हात हलला तरी प्रकाश कमीजास्त होतो आणि चांगलं यंत्रही क्षणभर आकडा दाखवू शकतं. घरी करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा आणि यंत्रावरच्या नाडीशी ताडून बघा, मग जिना चढून आल्यावर पुन्हा. नाडी चुकत असेल तर ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या. नाडी जुळली म्हणून ऑक्सिजन बरोबर आहे असं मात्र नाही. थंड बोटं, नेलपॉलिश आणि गडद त्वचा यांमुळे चांगल्या यंत्राचाही आकडा चुकतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त येण्याची शक्यता असते.

संशयित माल सापडला तर लोक रागाने फेकून देतात, तसं करू नका. खोकं, डबी, उरलेल्या पट्ट्या, बिल आणि विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट एकत्र ठेवा, कारण ते पान दुसऱ्या दिवशी गायब झालेलं असू शकतं. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात औषध निरीक्षकांकडे करता येते. चुकीच्या आकड्यामुळे रुग्णाला त्रास झाला असेल, तर गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे, म्हणजे उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडेही कळवता येतं. तिथे डॉक्टरच हवा असं नाही, रुग्णही कळवू शकतो. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारतात: लॉट नंबर काय?